एका शब्दावर रंगणारी ओळ

हापूस झाडावरून उतरला की कुणासाठी थांबत नाही. आढीत घातलेली फळे साधारण आठ-दहा दिवसांत पिकतात आणि पिकलेली पेटी खोलीत पडून राहिली तर तिचे पुढे काय होते, हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही. म्हणून देवगड-रत्नागिरीकडचा जो बागायतदार दलालाला बाजूला ठेवून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पेट्या पाठवतो, त्याला झाडांइतकेच ऑर्डरच्या वहीकडे लक्ष ठेवावे लागते. हल्ली ही वही बहुधा एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये असते.

अशी एक वही डोळ्यांसमोर आणू. A कॉलममध्ये ऑर्डर क्रमांक, B मध्ये गिऱ्हाइकाचे नाव, C मध्ये गाव, D मध्ये पेट्या, E मध्ये पाठवायची तारीख, F मध्ये रक्कम आणि शेवटी G मध्ये स्थिती. स्थितीचे शब्द चारच: नोंद, रवाना, पोहोचली, रद्द. पहिल्या ओळीत मथळे आहेत आणि दुसऱ्या ओळीपासून एकसष्टाव्या ओळीपर्यंत साठ ऑर्डरी. गाडी सुटली की पॅकिंगकडचा माणूस G मधला ‘नोंद’ हा शब्द बदलून ‘रवाना’ करतो. त्याचे काम तेवढेच.

पण पाहणाऱ्याचे काम तेवढ्याने भागत नाही. गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा नजर नावावर असते आणि स्थिती पाच कॉलम उजवीकडे. मोबाइलवर शीट उघडली असेल तर G कॉलम पडद्याबाहेरच गेलेला असतो. मग कुणीतरी ओळ निवडून हाताने पिवळा रंग भरते. दोन दिवस हे नेमाने चालते, तिसऱ्या दिवशी गडबडीत शब्द बदलला जातो आणि रंग तसाच राहतो. त्यानंतर शब्द खरा की रंग खरा, हा वाद सुरू होतो. हवे असते ते इतकेच की G मध्ये ‘रवाना’ लिहिताक्षणी क्रमांकापासून स्थितीपर्यंतची सगळी ओळ आपोआप पिवळी व्हावी.

ही सोय एक्सेलमध्ये नवी नाही. कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट पूर्ण झाली की सेलचे रूप बदलणे, एक्सेल ९७ पासून आहे. त्या काळी एका सेलवर तीनच अटी लावता येत. चौथा रंग हवा असेल तर मॅक्रो लिहिण्यावाचून गत्यंतर नसे. २००७ च्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली. तरीही अख्खी ओळ रंगवण्याचे काम आजही पुष्कळांना जमत नाही. त्याचे कारण बटणांच्या गर्दीत नसून एका छोट्या चिन्हात आहे.

पहिला प्रयत्न बहुतेक जण एकाच वाटेने करतात. सगळे कोष्टक निवडायचे, Conditional Formatting च्या यादीतून Highlight Cells Rules मध्ये जायचे, तिथे Text that Contains निवडून ‘रवाना’ लिहायचे. रंग लागतो, पण फक्त G मधल्या त्या एका सेलला. नाव, गाव, पेट्या पांढऱ्याच राहतात. यात एक्सेलचे काही चुकलेले नसते. या तयार नियमात प्रत्येक सेलला स्वतःबद्दलच प्रश्न विचारला जातो: तुझ्यात ‘रवाना’ हा शब्द आहे का? नावाच्या सेलमध्ये नाव असते, तो ‘नाही’ म्हणतो आणि पांढरा राहतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. एक्सेल ओळ रंगवत नाही. ‘ओळ’ नावाची वस्तू या नियमांना ठाऊकच नसते. साठ ओळी आणि सात कॉलम म्हणजे चारशेवीस सेल, आणि त्या प्रत्येकाला तो एकेकटा गाठून एकच प्रश्न विचारतो. ज्याचे उत्तर ‘होय’ त्याला रंग. मग ओळ रंगवायची म्हणजे काय करायचे? एका ओळीतले सातही सेल उत्तरासाठी आपापल्या ओळीच्या G कडे पाहतील, असा प्रश्न लिहायचा. सातही जण एकाच ठिकाणी पाहतात, सातही जण एकच उत्तर देतात, आणि आपल्याला सलग रंगलेली ओळ दिसते.

तो प्रश्न असा लिहितात:

```
=$G2="रवाना"
```

त्यासाठी आधी A2 पासून G61 पर्यंतचा भाग निवडायचा, मथळ्याची ओळ सोडून. मग Home वर जाऊन Conditional Formatting, त्यात New Rule, आणि उघडलेल्या यादीतला शेवटचा पर्याय: Use a formula to determine which cells to format. खालच्या चौकटीत वरचा फॉर्म्युला टाइप करायचा, Format दाबून Fill मधून फिकट पिवळा निवडायचा आणि OK करायचे. गूगल शीट्समध्ये हीच वाट Format, Conditional formatting अशी जाते. Apply to range मध्ये A2:G61 लिहायचे आणि Format cells if च्या यादीत अगदी तळाशी असलेले Custom formula is निवडायचे. फॉर्म्युला तोच. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये अटीचा प्रकार Formula is असतो, बरोबरीचे पहिले चिन्ह तिथे लागत नाही, आणि रंगाऐवजी तयार स्टाइल निवडावी लागते. एवढा फरक सोडला तर तर्क सगळीकडे सारखाच आहे.

आता त्या डॉलरच्या चिन्हाकडे वळू. फॉर्म्युल्यात G2 असे नुसते लिहिले तर एक्सेल तो पत्ता कायमचा मानत नाही. ‘माझ्यापासून सहा कॉलम उजवीकडे’ असा तो त्याचा अर्थ लावतो, कारण नियम A2 पासून सुरू होतो आणि A पासून G सहा पावलांवर आहे. A2 मधला सेल सहा पावले उजवीकडे जाऊन G2 पाहतो, इथपर्यंत ठीक. पण B2 सुद्धा सहाच पावले चालतो आणि H2 वर पोहोचतो. C2 पोहोचतो I2 वर. तिथे काहीच लिहिलेले नसते. डॉलर म्हणजे खिळा. G च्या आधी तो ठोकला की कॉलम जागचा हलत नाही. A असो, B असो, F असो, सगळे G कडेच पाहतात. दोनच्या आकड्यापुढे मात्र खिळा ठोकलेला नाही, म्हणून ओळ मोकळी राहते. दुसऱ्या ओळीतले सेल G2 पाहतात, चौदाव्या ओळीतले G14 पाहतात.

हे एकदा कळले की काय बिघडले आहे ते नुसत्या रंगाच्या आकारावरून ओळखता येते, आणि या विषयातली खरी गंमत तीच आहे. फक्त A कॉलममधले काही सेल रंगले आणि पुढचे पांढरे राहिले, तर G आधीचा डॉलर राहून गेला आहे. स्थितीचा एक शब्द बदलल्यावर सगळेच्या सगळे कोष्टक पिवळे झाले, किंवा काही केले तरी कुठेच रंग चढेना, तर दोन्हीकडे डॉलर पडले आहेत. `$G$2` असे झाल्यामुळे चारशेवीस सेल एकट्या पहिल्या ऑर्डरीकडे पाहून आपले ठरवत आहेत. हा दुसरा दोष फार सहज होतो. फॉर्म्युला हाताने टाइप न करता त्या चौकटीत असताना G2 वर क्लिक केले की एक्सेल स्वतःहून दोन्ही डॉलर घालून देतो. तेव्हा F4 ही कळ दाबत राहावे. ती `$G$2`, `G$2`, `$G2`, `G2` अशी फेरी मारते. `$G2` दिसले की थांबायचे.

त्याच चौकटीतला आणखी एक त्रास सांगायलाच हवा, कारण त्यावर वैतागून अनेक जण नाद सोडतात. फॉर्म्युल्यातले एखादे अक्षर दुरुस्त करायला बाणाची कळ दाबली, तर कर्सर हलण्याऐवजी फॉर्म्युल्याच्या मध्येच भलत्या सेलचा पत्ता येऊन बसतो. आधी F2 दाबावे, मग बाण नेहमीसारखे चालतात.

तिसऱ्या प्रकारच्या बिघाडात रंग येतो, सलग येतो, पण शेजारच्या ओळीवर. सातव्या ओळीतली पेटी रवाना झालेली असते आणि पिवळी होते सहावी. असे दिसले की नियम कुठून सुरू होतो आणि फॉर्म्युल्यातला आकडा कोणता, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. ते सारखेच असले पाहिजेत. घाईत माणूस A पासून G पर्यंतचे आख्खे कॉलमच निवडतो. मग नियम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, फॉर्म्युल्यात मात्र `$G2` असते. पहिली ओळ दुसऱ्या ओळीची स्थिती पाहते, दुसरी तिसऱ्याची, आणि रंग एक पायरी वर सरकतो. कॉलम निवडायचेच असतील तर फॉर्म्युला `$G1` ने लिहावा.

एक्सेलमध्ये याचाच एक बेरका प्रकार आहे. कोष्टक खालून वर ओढत निवडले तर निवड A2 ते G61 अशीच दिसते, पण जिथून ओढायला सुरुवात केली तो खालचा सेल चालू मानला जातो आणि फॉर्म्युला त्याच्या हिशेबाने वाचला जातो. A61 ला G2 पाहायला सांगितले म्हणजे ‘एकोणसाठ ओळी वर पाहा’ असे सांगितले. वरच्या ओळींना इतके वर जायला जागाच नसते, तेव्हा एक्सेल शीटच्या तळाकडून वळसा घेतो. नंतर A2 वर उभे राहून नियम उघडला तर त्यात G च्या पुढे दहा लाखांवरचा आकडा दिसतो. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, हे बहुतेकांना असल्या प्रसंगीच कळते. उपाय सोपा आहे: निवड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करावी. गूगल शीट्समध्ये हा घोटाळा होत नाही, कारण तिथे फॉर्म्युला नेहमी दिलेल्या भागाच्या वरच्या डाव्या सेलपासूनच वाचला जातो.

फॉर्म्युला बिनचूक, डॉलर जागच्या जागी, तरी चौदावी ओळ काही पिवळी होत नाही, असेही घडते. G14 मध्ये ‘रवाना’ स्पष्ट दिसत असते. अशा वेळी दोष नियमात न शोधता शब्दात शोधावा. रिकाम्या जागी हा छोटा फॉर्म्युला लिहावा:

```
=LEN(G14)
```

‘रवाना’चे उत्तर ५ यायला हवे. आपण अक्षरे तीन मोजतो, संगणक काने-मात्रे वेगळे मोजतो. उत्तर ६ आले तर शब्दाच्या मागे एक मोकळी जागा चिकटली आहे. मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की पुढे अशी जागा सोडतो, आणि पॅकिंगकडचा माणूस मोबाइलवरूनच नोंदी करत असेल तर हे रोजचेच. बरोबरीच्या चिन्हाला ‘रवाना’ आणि मोकळ्या जागेसकटचा ‘रवाना’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. फॉर्म्युल्यात `=TRIM($G2)="रवाना"` असे लिहिले की मागची-पुढची मोकळी जागा हिशेबात धरली जात नाही.

पण TRIM ला शुद्धलेखन येत नाही. एक जण ‘पोहोचली’ लिहितो, दुसरा ‘पोहचली’, तिसरा ‘पोचली’. वाचणाऱ्याला तिन्ही कळतात, नियमाला एकच. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत लहान-मोठ्या लिपीचा फरक एक्सेल या तुलनेत सोडून देतो, पण मराठी ऱ्हस्व-दीर्घाला अशी सवलत नाही. म्हणून स्थितीचा कॉलम हाताने लिहायला ठेवूच नये. G2 ते G61 निवडून Data मधल्या Data Validation मध्ये जावे, Allow मध्ये List घ्यावे आणि Source मध्ये चारही शब्द स्वल्पविराम देऊन लिहावेत. प्रत्येक सेलला छोटी यादी लागते आणि माणूस त्यातून शब्द निवडतो. जे आधीच चुकीचे लिहिलेले आहे ते मात्र ही सोय दुरुस्त करत नाही. त्यासाठी त्याच बटणाखालचे Circle Invalid Data वापरावे. यादीत न बसणाऱ्या प्रत्येक शब्दाभोवती लाल वर्तुळ येते. रंगाचा नियम लावण्याआधी ही यादी लावावी, असे ठामपणे म्हणता येईल. उलट क्रमाने गेलेल्यांचा अर्धा वेळ न दिसणाऱ्या जागा शोधण्यात जातो.

व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून उचललेल्या फॉर्म्युल्यात आणखी एक खोडी असू शकते. तिथली अवतरणचिन्हे वळणदार होऊन बसतात आणि एक्सेलला सरळ उभीच चालतात. एक्सेलमध्ये सुरुवातीचे बरोबरीचे चिन्ह राहिले तर तो तक्रारही करत नाही. आपण लिहिलेले सगळेच अवतरणात गुंडाळून नुसता मजकूर म्हणून ठेवतो आणि रंग कधीच येत नाही. Manage Rules उघडून पाहिले की अवतरणांची ती गर्दी लगेच दिसते.

एवढ्यात पिवळा रंग बसला. आता वहीचे खरे काम. बागायतदाराला रवाना झालेल्या पेट्यांपेक्षा राहून गेलेल्या पेट्यांची काळजी जास्त असते. पाठवायची तारीख उलटली आणि स्थिती अजून ‘नोंद’च आहे, अशी ओळ लाल व्हायला हवी. इथे एका सेलऐवजी दोन सेल पाहायचे आहेत, तारखेचा E आणि स्थितीचा G. दोघांपुढेही डॉलर हवा:

```
=AND($E2<>"",$E2<TODAY(),$G2="नोंद")
```

यातला पहिला तुकडा शोभेचा नाही. तारीख अजून ठरलेली नसेल तर E रिकामा असतो आणि तुलना करताना एक्सेल रिकाम्या सेलला शून्य समजतो. शून्य हे आजच्या तारखेपेक्षा लहानच, म्हणून तो तुकडा नसेल तर तारीख न दिलेली प्रत्येक ऑर्डर लाल होते. TODAY मुळे हा नियम दररोज नव्याने तपासला जातो. काल संध्याकाळी पांढरी असलेली ओळ आज सकाळी शीट उघडताच लाल दिसू शकते, कुणी कशाला हात न लावता.

या लाल नियमाचा जास्त घातक दोष मात्र उलट बाजूचा आहे: लाल व्हायला हवी ती ओळ पांढरीच राहणे. तारीख ‘15.04.2026’ अशी टिंबे देऊन लिहिली की पुष्कळदा एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर मानतो, आणि मजकूर त्याच्या लेखी कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. मग ती तारीख कधीच उलटत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी असेल, तर घोटाळा आणखी वाढतो. ‘15/04/2026’ मजकूर होऊन बसते, कारण पंधरावा महिना नसतो. आणि ५ एप्रिलसाठी लिहिलेले ‘05/04/2026’ गुपचूप ४ मे होते. ओळखायची खूण नजरेनेच सापडते. खरी तारीख सेलमध्ये आपोआप उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. E कॉलमवरून वरपासून खाली एकदा नजर फिरवली की डावीकडे चिकटलेल्या तारखा उठून दिसतात. महिना-दिवसाची अदलाबदल मात्र अशी दिसत नाही. तिच्यासाठी कॉलमला महिन्याचे नाव दाखवणारे रूप द्यावे; एप्रिलच्या ऑर्डरींत मे दिसला की चूक सापडली.

पिवळ्या आणि लाल नियमाच्या जोडीला आणखी दोन: ‘पोहोचली’साठी फिकट हिरवा, आणि ‘रद्द’साठी करडा रंग व अक्षरांवर आडवी रेघ. चार नियम झाले की त्यांच्यात भांडण होऊ शकते. वरच्या लाल नियमात ‘नोंद’ हा शब्द नेमका दिला आहे, त्यामुळे कोणतीही ओळ एका वेळी एकाच नियमात बसते आणि भांडण उद्भवत नाही. पण पुष्कळ जण तोच नियम `$G2<>"पोहोचली"` असा, म्हणजे ‘पोहोचली नसेल तर’ असा लिहितात. मग तारीख उलटलेली रद्द ऑर्डर दोन नियमांत सापडते. एक्सेल अशा वेळी Manage Rules च्या यादीत जो नियम वर असेल त्याचा रंग धरतो. लाल वर असेल तर ओळ लाल होते, आणि खालच्या नियमातली आडवी रेघ कुणाच्या आड येत नसल्याने तीही उमटते. लाल ओळ, वर काट मारलेली; पाहणाऱ्याने काय समजायचे? नवा नियम एक्सेल यादीत सर्वांत वर घालतो, म्हणून शेवटी सुचलेला नियम नकळत सगळ्यांवर कुरघोडी करतो. बाणांची बटणे वापरून ‘रद्द’चा नियम वर न्यावा आणि त्याच्यापुढच्या Stop If True च्या चौकटीत खूण करावी, मग तो लागू झाला की खालच्या नियमांकडे एक्सेल वळतच नाही. गूगल शीट्स मुळातच यादीतला पहिला लागू पडणारा नियम धरतो.

हंगाम सरत येतो तसा एक वेगळाच आजार दिसू लागतो. साठच्या दीडशे ऑर्डरी झालेल्या असतात, ओळी इकडून तिकडे कॉपी झालेल्या असतात, आणि एक दिवस Manage Rules उघडले तर चार नियमांच्या जागी तीस-चाळीस नियम रांगेत उभे असतात. सगळे दिसायला सारखे, फक्त Applies to मधले पत्ते तुकड्या-तुकड्यांचे. एक्सेलमध्ये सेल कॉपी करून पेस्ट केला की मजकुराबरोबर त्याचा नियमही जातो आणि जिथे पडतो तिथल्या मूळ नियमाला भोक पाडतो. रंग बरेच दिवस बरोबर दिसत राहतात, म्हणून हे लवकर ध्यानात येत नाही. मग काही ओळी अचानक वेगळ्याच वागू लागतात आणि फाइल जड होते. शीटमध्ये पेस्ट करताना Paste Special मधले Values वापरावे, म्हणजे फक्त मजकूर उतरतो. स्थितीच्या सेलवर साधे पेस्ट केल्याने आपण लावलेली शब्दांची यादीही पुसली जाते, हे या सवयीचे दुसरे कारण. जिथे तुकडे आधीच झाले आहेत तिथे जादा नियम सरळ काढून टाकावेत, मूळ चार ठेवावेत आणि प्रत्येकाच्या Applies to मध्ये एकच सलग भाग लिहावा.

तो भाग जरा पुढचा धरून `=$A$2:$G$500` असा लिहिला तरी बिघडत नाही. खालच्या रिकाम्या ओळींत कोणताच शब्द नसल्याने त्या पांढऱ्याच राहतात आणि एकसष्टावी ऑर्डर आली की नियम तिला आपोआप लागतो. त्याहून नीट मार्ग म्हणजे कोष्टकात उभे राहून Ctrl+T दाबणे. एक्सेल त्याचे टेबल करतो, आणि खाली नवी ओळ लिहिली की टेबलाबरोबर नियमाची हद्दही वाढते.

या रंगाकडून काय मिळत नाही, तेही सांगायला हवे. नियम अक्षरांचा रंग, ठळकपणा, आडवी रेघ, किनार बदलतो. एक्सेलमध्ये तो अक्षरांचा आकार किंवा फाँट बदलू शकत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये फिकट पिवळा आणि फिकट हिरवा एकसारखे करडे दिसतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना पडद्यावरही अडचण येते. म्हणून रद्दला जशी रेघ दिली तसे लाल नियमात अक्षरे ठळक करून ठेवणे उपयोगाचे. पेटी कधी रवाना झाली हेही रंग सांगत नाही. तो फक्त या घडीचा शब्द पाहतो, जुना शब्द त्याला आठवत नाही. ती तारीख हवी असेल तर तिचा वेगळा कॉलम करावा लागतो.

आणि रंग मोजता येत नाहीत. एक्सेलच्या फिल्टरमध्ये Filter by Color आहे आणि त्याला नियमाने आलेले रंगही दिसतात, त्यामुळे फक्त लाल ओळी समोर आणता येतात. पण ‘पिवळ्या ओळींतल्या पेट्या किती’ असे विचारणारे साधे फंक्शन एक्सेलमध्ये नाही. ते विचारायचे असते शब्दाला:

```
=SUMIF(G2:G500,"रवाना",D2:D500)
```

रंग ज्या शब्दावरून आला त्याच शब्दावरून ही बेरीज होते, म्हणून दोन्हींचा मेळ बसतो.

ज्यांच्या वहीत आधीपासून हाताने भरलेले रंग आहेत त्यांनी नियम लावण्यापूर्वी सगळे कोष्टक निवडून Fill Color मधले No Fill दाबावे. नियम लागू असतो तेव्हा त्याचा रंग हाताने भरलेल्या रंगावर चढतो आणि जुना झाकला जातो. नियम लागू नसतो तेव्हा जुना पुन्हा दिसतो. मागच्या हंगामातली एखादी पिवळी ओळ तशीच राहिली, तर ‘नोंद’ स्थितीतली, अजून न हललेली पेटी तिच्यामुळे रवाना झाल्यासारखी दिसेल.